आईच्या गोळ्या, रिपोर्ट आणि अपॉइंटमेंट: पेंडिंग काय आहे ते एका शीटवर कसं ठेवायचं

आई ७६ ची, परळला राहते, मी ठाण्याला, दादा पुण्यात. आईला शुगर, बीपी आणि थायरॉइड. दिवसभर सोबत एक मावशी असतात पण त्या संध्याकाळी सातला जातात. आमच्याकडे औषधांचा हिशोब बरीच वर्षं "बघू, संपत आलं की सांग" असाच चालायचा, आणि मग गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला आईचा फोन आला की पेन अडकलंय. इन्सुलिनच्या पेनवर १२ युनिट लावले होते, दाबलं तर ६ गेले आणि डायल ६ वरच थांबला. म्हणजे आतलं कार्ट्रिज संपलं. फ्रिजमध्ये दुसरं नव्हतं, हिंदमाताला पाणी भरलेलं, आमचा केमिस्ट बंद. दादाने पुण्यातून फोन फिरवून रात्रभर उघडं असणारं एक दुकान शोधलं, शेजारचा मुलगा जाऊन घेऊन आला, तोवर पावणेबारा झाले होते.

माझ्या हिशोबाने ते कार्ट्रिज १० दिवस जायला हवं होतं. ३०० युनिटचं कार्ट्रिज, सकाळी १८ रात्री १२ म्हणजे रोज ३०, बरोबर १० दिवस. पण दर वेळी सुई लावल्यावर आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे असतात, हवा निघावी आणि थेंब येतोय का ते कळावं म्हणून, ते मी धरलेच नव्हते. खरा खर्च रोज ३४ चा. ८ दिवसांत २७२ गेले, २८ उरले, नवव्या दिवशी सकाळी २० गेले, ८ उरले, रात्री २ टेस्टचे सोडल्यावर राहिले फक्त ६. हेच ते ६.

त्या रात्रीनंतर मी शीट केली. आता वर्ष होत आलं, बऱ्याच वेळा बदलली, आता जी टिकलीये ती सांगते.

पहिलं काम: डबा रिकामा करून मोजा

मोबाईल बाजूला ठेवा, आधी आईबाबांचा औषधाचा डबा चादरीवर उलटा करा. आमच्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. आई म्हणत होती, "अगं, बीपीच्या दोन पट्ट्या आहेत की." पट्ट्या दोन होत्या, पण एकीत दोन गोळ्या आणि दुसरीत एक, बाकी फोडलेली रिकामी घरं. पट्ट्या मोजू नका, गोळ्या मोजा. केमिस्टने कापून दिलेले तुकडे असतील तर त्यावर एक्स्पायरी आहे का बघा, बऱ्याचदा तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून गेलेली असते. असे तुकडे मी बाजूला काढते आणि केमिस्टला सांगून ठेवलंय की आमची पट्टी कापायची नाही.

मोजताना प्रत्येक पट्टीवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं, ते उतरवून घ्या. हे कंटाळवाणं आहे पण इथेच सगळ्यात जास्त उपयोग होतो. आमच्याकडे हार्टच्या डॉक्टरांनी दिलेल्या एका गोळीत टेल्मिसार्टन होतं आणि फॅमिली डॉक्टरांनी नंतर लिहिलेल्या वेगळ्या नावाच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन दोन्ही. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून आई दोन्ही घेत होती, आणि उठताना चक्कर येते म्हणून तक्रार चालू होती. दोघांना फोन करून फोटो पाठवले तेव्हा एक बंद झाली. असं काही सापडलं तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, दोन्ही पट्ट्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवा आणि त्यांनाच ठरवू दे.

दुसरं: औषधांचा टॅब

गूगल शीट घ्या, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर तीच दिसते. सगळ्यात आधी File मध्ये Settings मध्ये जाऊन Locale ला India निवडा. हे केलं नाही तर 05/07 लिहिल्यावर शीट ५ जुलैऐवजी ७ मे धरू शकते आणि मग पुढचं सगळं चुकतं. आकडे इंग्रजी अंकांतच टाका.

रकाने एवढेच: A मध्ये पट्टीवरचं नाव, B मध्ये आतलं औषध, C मध्ये रोज किती, D मध्ये मोजल्याची तारीख, E मध्ये त्या दिवशी सकाळचा डोस घ्यायच्या आधी शिल्लक किती. F मध्ये हा फॉर्म्युला:

```
=IF(E2="","",D2+INT(E2/C2))
```

ही तारीख म्हणजे ज्या दिवशी पूर्ण डोस मिळणार नाही तो पहिला दिवस. F आकड्यासारखा दिसला तर त्या रकान्याचा फॉरमॅट Date करा. G मध्ये ऑर्डर करायची तारीख:

```
=IF(F2="","",F2-7)
```

आणि G चा दिवस आला की ओळ लाल व्हावी म्हणून Conditional formatting मध्ये Custom formula is निवडून हे टाका:

```
=AND($G2<>"",$G2<=TODAY())
```

सात दिवस का, तर केमिस्टकडे तो ब्रँड नसेल तर मागवायला दोन तीन दिवस जातात, मध्ये एक रविवार येतो, आणि प्रिस्क्रिप्शन जुनं झालंय म्हणाला तर नवीन घ्यायला एक दोन दिवस. जून ते सप्टेंबर मी ७ चे १० करते. गणपतीत आमच्या भागात रस्ते बंद असतात, डिलिव्हरीवाला मुलगा गावाला गेलेला असतो, आणि दिवाळीत डॉक्टरच सुट्टीवर असतात.

झोपेची गोळी असेल तर तिची ओळ वेगळ्या रंगात ठेवा. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच१ मध्ये येतात, २०१४ पासून केमिस्टला त्यांची रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली सगळं. म्हणजे जुन्या पट्टीचा फोटो पाठवून ती मिळेल असं धरून चालू नका, प्रिस्क्रिप्शन लागणारच, आणि ते जुनं चालेल असंही नाही. या गोळीला मी ऑर्डरची तारीख १५ दिवस आधीची ठेवते कारण आधी डॉक्टर, मग केमिस्ट असा प्रवास असतो.

इन्सुलिनची ओळ गोळ्यांसारखी करू नका. मी तिथे C मध्ये 1 लिहिते आणि E मध्ये बंद कार्ट्रिज गुणिले ८, म्हणजे थेट दिवस. चालू कार्ट्रिज हिशोबात धरतच नाही, ते वरचं समजते. तुमचा आकडा ८ नसेल, रोजचे युनिट अधिक दर टोचण्यामागे २ असं करून ३०० ला भागा आणि खालचा पूर्ण आकडा घ्या. बाटली आणि सिरिंज असेल तर हिशोब वेगळा, आपल्याकडे मिळणाऱ्या ४० वाल्या १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात. आणि डोस फार कमी असेल तर दुसरी मर्यादा येते, उघडलेलं इन्सुलिन साधारण २८ दिवसच वापरायचं असतं, नक्की किती ते खोक्यातल्या कागदावर असतं. उरलं तरी टाकायचं.

महापालिकेच्या हॉस्पिटलमधून औषधं घेत असाल तर ती ठरावीक दिवसांचीच मिळतात आणि आपल्या युनिटची ओपीडी आठवड्यात ठरावीक वारीच असते, म्हणून तिथे केसपेपरवरची पुढची तारीख हीच रिफिलची तारीख, G मध्ये तीच हाताने टाका.

तिसरं: पेंडिंगचा टॅब

दुसऱ्या टॅबमध्ये प्रत्येक अडकलेल्या गोष्टीला एक ओळ. रकाने: काय, आता कोणाकडे अडलंय, पुढे काय करायचं, कोणत्या तारखेला, कोण करणार, आणि स्टेटस. तारीख किंवा नाव रिकामं असलेली ओळ मी ठेवत नाही. "आईचे डोळे दाखवायचेत" अशी ओळ आमच्याकडे पाच महिने होती, कारण तिच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं. "दादा, सोमवारी ११ वाजता फोन करून अपॉइंटमेंट घेणार" असं लिहिलं आणि त्याच आठवड्यात झालं.

तपासणीचं स्टेटस "झालं" असं एका शब्दात लिहू नका, त्यात काय झालं तेच कळत नाही. मी हे पाच ठेवलेत: सांगितली, सॅम्पल दिलं, अर्धा रिपोर्ट, पूर्ण रिपोर्ट, डॉक्टरांनी पाहिला. आणि पाहिल्यावर काय ठरलं ते लिहिल्याशिवाय ओळ बंद होत नाही, काहीच बदल नाही असं ठरलं तर "बदल नाही" असं लिहायचं.

अर्धा रिपोर्ट हे वेगळं स्टेटस का, ते सांगते. लॅबवाले जेवढं तयार झालं तेवढं व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून देतात. आपण उघडतो, शुगर दिसते, क्रिएटिनिन दिसतं, आपण म्हणतो आला रिपोर्ट. पण युरिन कल्चरला दोन तीन दिवस लागतात, तो त्यात नसतो, आणि नंतर आलेली दुसरी पीडीएफ कोणी उघडतच नाही. आमच्याकडे असंच झालं, आईच्या लघवीच्या इन्फेक्शनचा कल्चर रिपोर्ट आठ दिवस आईच्या फोनमध्ये न उघडता पडला होता, आणि त्यात लिहिलेलं की चालू असलेलं अँटिबायोटिक त्या जंतूवर चालत नाही. म्हणून रिपोर्ट आला की बिलावर लिहिलेल्या टेस्ट आणि पीडीएफमधल्या टेस्ट एकेक करून जुळवा. सॅम्पल घ्यायला माणूस येतो तेव्हा ते बिल मावशींना सांभाळून ठेवायला सांगा.

लॅबमध्ये फोन नंबर आपला द्या, आईचा नको. एखादी व्हॅल्यू धोक्याची आली तर लॅबवाले फोन करतात, आणि तो फोन दुपारी झोपलेल्या आईला जाऊन उपयोग नाही. पीडीएफ लगेच ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाका कारण लॅबच्या लिंक काही दिवसांनी बंद होऊ शकतात. नाव असं दिलं की आपोआप तारखेनुसार लागतात:

```
2026-07-08_HbA1c_TSH_creatinine.pdf
```

चौथं: अपॉइंटमेंटपासून मागे मोजा

माझ्या मते खरा फरक इथे पडतो. अपॉइंटमेंट ही एक तारीख नाही, तिच्या मागे चार तारखा असतात. जुलैचं आमचं उदाहरण घेते. शुगरच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट शनिवार १८ जुलै. त्यांनी एचबीएवनसी, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, क्रिएटिनिन आणि टीएसएच सांगितलं होतं.

टीएसएच आपल्याला वाटेल तेव्हा करून उपयोग नसतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की नवीन पातळी स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. आईचा डोस २५ मे ला बदललेला, म्हणजे ६ जुलैच्या आधी केलं असतं तर पैसेही गेले असते आणि आईला पुन्हा टोचावं लागलं असतं. दुसऱ्या बाजूने, रिपोर्ट यायला दोन दिवस, आणि सॅम्पल खराब झालं किंवा रिपोर्ट अर्धा आला तर परत द्यायला वेळ हवा. म्हणून ६ आणि १८ च्या मधला बुधवार ८ जुलै घेतला. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगतं, आधीचं एप्रिलच्या सुरुवातीला झालं होतं, तेही जुळलं. त्या सकाळी शुगरची औषधं आणि थायरॉइडची गोळी सॅम्पलआधी घ्यायची की नंतर हे डॉक्टरांनाच आधी विचारून ओळीत लिहून ठेवलं, कारण सकाळी सातला दारात माणूस उभा असताना आई मला विचारते आणि मला आठवत नसतं. जेवणानंतरची शुगर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, जेवण संपल्यापासून नाही, म्हणून मावशींनी नाश्ता सुरू केल्याची वेळ कागदावर लिहिली, ८ वाजून २० मिनिटं, आणि दुसरं सॅम्पल १०:२० ला.

पेंडिंगमध्ये मग ओळी अशा होत्या: ८ जुलै सॅम्पल, मावशी घरी. १० जुलै रिपोर्ट बिलाशी जुळवणं, दादा. १३ जुलै, काही राहिलं असेल तर लॅबला फोन, दादा. १७ जुलै डॉक्टरांसाठीचा कागद प्रिंट, मी. दादा लांब आहे म्हणून त्याच्याकडे फोनवर होणारी सगळी कामं दिलीत, ऑर्डर, रिपोर्ट, अपॉइंटमेंट. जिथे जाऊन उभं राहावं लागतं ती माझी.

आता औषधं. रविवारी ५ जुलैला सकाळी मोजलं तर मेटफॉर्मिन २१, रोज २, म्हणजे F मध्ये १५ जुलै आणि G मध्ये ८ जुलै आलं. एरवी मी महिन्याचं घेतलं असतं. पण १८ ला डॉक्टर डोस बदलू शकतात, म्हणून अपॉइंटमेंट जवळ असेल तेव्हा आम्ही अपॉइंटमेंटनंतर एक आठवडा पुरेल एवढंच घेतो. दोन पट्ट्या, २० गोळ्या घेतल्या, एकूण ४१, म्हणजे २४ जुलैपर्यंत पूर्ण आणि २५ ची सकाळ. इन्सुलिनचे दोन कार्ट्रिज बंद होते, १६ दिवस, २१ जुलै, तिथे एकच घेतलं. न कापलेली पट्टी आमचा केमिस्ट बिल दाखवलं तर परत घेतो, पण फ्रिजमधलं इन्सुलिन परत घेत नाही.

रविवारची मोजणी सोडू नका

शीट तारीख सांगतेच मग परत का मोजायचं, असं दादाने विचारलं होतं. कारण हिशोबातला आकडा आणि डब्यातला आकडा जुळला नाही तर तीच खरी बातमी असते. जूनमध्ये दोन आठवड्यांनी मोजलं तेव्हा मेटफॉर्मिन १६ हव्या होत्या, निघाल्या १९. तीन जास्त. आईला विचारलं तर म्हणाली सगळ्या घेतल्या. मी कॅलेंडर काढलं, त्या दोन आठवड्यांत दोन गुरुवार आणि एक संकष्टी. तेव्हा बोलली, "जेवणानंतरची गोळी आहे ना ती, उपासाला जेवण कुठे असतं, वरई खाल्ली नुसती." गोळी घेतली नव्हती, पण इन्सुलिन मात्र पूर्ण १२ युनिट घेतलं होतं. उलट कमी गोळ्या निघाल्या असत्या तर एकच गोळी दोनदा घेतली जातेय का ते बघावं लागलं असतं. रागावू नका, रागावलं तर पुढच्या वेळी आपल्या आधी डब्यातली गोळी काढून टाकली जाते.

हे प्रकरण मी पेंडिंगमध्ये डॉक्टरांना विचारायचा प्रश्न म्हणून टाकलं. आणि एक स्पष्ट सांगते, शुगर ७० च्या खाली आली, घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर ती शीटमध्ये लिहायची गोष्ट नाही, शुद्धीत असेल तर लगेच साखर पाणी आणि डॉक्टरांना फोन, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ हॉस्पिटल.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

एकच कागद. वर चालू औषधं डोससकट, मध्ये मागच्या तीन वेळचे एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि टीएसएच तारखांसह शेजारी शेजारी, खाली जास्तीत जास्त तीन प्रश्न. जाड फाइल बरोबर असू द्या पण टेबलावर हाच कागद ठेवा, डॉक्टर तो वाचतात, फाइल चाळायला त्यांना वेळ नसतो. बाहेर पडायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: काय बंद, कशाचा डोस बदलला, पुढची टेस्ट कोणती आणि कधी, पुढची भेट कधी. आणि टॅक्सीत बसल्यावर नाही, तिथल्याच खुर्चीवर बसून शीटमध्ये टाका, प्रिस्क्रिप्शनचा फोटो पण तिथेच काढा, अक्षर लागलं नाही तर रिसेप्शनला विचारता येतं.

शीट शेअर करताना Restricted ठेवा, लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असं नको, आईच्या सगळ्या आजारांची माहिती आहे ती. दादा आणि मी Editor, वहिनी Viewer. मावशींना शीट नाही, त्यांच्यासाठी फ्रिजवर हाताने लिहिलेला कागद आहे, आणि डोस बदलला की जुना कागद फाडून नवा लावायचा, खाडाखोड करायची नाही.

१८ जुलैला डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन १२ वरून १० केलं, उपासाच्या दिवशी काय घ्यायचं ते वेगळं लिहून दिलं, थायरॉइडला बदल नाही, पुढचं टीएसएच सहा महिन्यांनी. मी तिथेच बसून इन्सुलिनचा आकडा बदलला: १८ अधिक १० अधिक टेस्टचे ४, रोज ३२, म्हणजे एक कार्ट्रिज आता ९ दिवस. घरी जाऊन फ्रिजवरचा कागद बदलला. टीएसएचच्या ओळीत "बदल नाही" लिहून ती बंद केली, आणि खाली जानेवारीची नवी ओळ दादाच्या नावाने टाकली.